बेरजेचा रकाना

"सगळ्यात लाल कोण आहे बघ. तोच."

"कारण काय लिहायचं, सर?"

"कारण शीटवरच आहे की. नवं काय लिहायचंय?"

मस्कतमधल्या अल् खुवैरच्या ऑफिसातल्या पँट्रीत मी कागदी कपात गरम पाणी घेत होते. पँट्री आणि मिटिंगची खोली यांच्यामध्ये नुसतं पार्टिशन होतं, वर हातभर जागा मोकळी. पलीकडे आमचे मॅनेजर आणि एचआरचे एक गृहस्थ बसले होते. दोघेही मराठी, त्यामुळे दोघेच असले की मराठीत बोलायचे. कप भरून पाणी बोटांवर आलं तेव्हा मी नळ बंद केला. ते बोलत होते ती शीट मी केलेली होती. सगळ्यात लाल ओळ कोणाची, हे मला बघावं लागणार नव्हतं.

मी कप घेतला आणि माझ्या टेबलापाशी जाऊन बसले. मिटिंगच्या खोलीचा दरवाजा माझ्यापासून सात-आठ पावलांवर होता आणि अर्धा उघडा होता. तो उघडा होता हे मी पुढे पुष्कळदा आठवलं आहे.

मी मस्कतमध्येच वाढले. वादी कबीरच्या शाळेत शिकले, घरात मराठी आणि बाहेर इंग्रजी बोलले. देवनागरी आली ती शाळेतल्या हिंदीमुळे. मराठी वाचायला लागले ती कॉलेजला पुण्यात गेल्यावर, आणि 'ळ' काढताना अजूनही माझा हात किंचित अडखळतो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मात्र मी कधी अडखळले नाही. शाळेत डिक्टेशनच्या तासाला माझी वही सगळ्यांत आधी बंद व्हायची. बोलायची वेळ आली की मी मागे सरकते, लिहायचं असलं की नाही. म्हणून बी.ए. झाल्यावर मी भाषा शिकवण्याचा एक वर्षाचा कोर्स केला आणि परत आई-बाबांकडे आले. जो माणूस बोलायला घाबरतो त्याने शिकवायचं काम का निवडावं, असं आई म्हणायची. मला उत्तर माहीत होतं. मला वह्या तपासायला आवडायचं.

बाबांच्या ओळखीने मला एका इमारत-देखभालीच्या कंपनीत ट्रेनिंग असिस्टंट म्हणून नोकरी लागली. ही कंपनी ऑफिसच्या इमारतींमधले एसी, नळ, वायरिंग सांभाळायची. प्रत्येक काम झाल्यावर माणसाने एक जॉब कार्ड भरायचं असतं: तक्रार काय होती, काय सापडलं, काय केलं, कोणते पार्ट लागले. पूर्वी ही कार्डं फाइलला लागायची आणि कोणी वाचायचं नाही. मग एका मोठ्या इमारतीचे नवे लोक ती वाचायला लागले, आणि वाचता येत नाहीत म्हणून तक्रार करायला लागले. तेव्हा ठरलं की त्या इमारतीवरच्या आठ माणसांना लिहायचं इंग्रजी शिकवायचं. रविवारी आणि मंगळवारी, शिफ्ट संपल्यावर दीड तास. जागा वादी कबीरच्या वर्कशॉपवरची खोली, जिथे एका भिंतीला जुने फिल्टर आणि पट्ट्यांची खोकी रचलेली होती.

पहिल्या दिवशी आठजण आंघोळ करून, केस ओले, स्वच्छ शर्ट घालून आले. मला त्याचंच जास्त दडपण आलं. पाचजण केरळ, बिहार असे वेगवेगळीकडचे होते. तिघे मराठी. त्यातले एक काका, पन्नाशी ओलांडलेले, सिंधुदुर्गातले, सव्वीस वर्षं एसीवर काम केलेले. दुसरा त्यांच्याच बाजूचा, तिशीचा, नुकतंच लग्न होऊन आलेला, सगळ्यांची टिंगल करणारा. तिसरा सांगलीकडचा, तो फारसं बोलत नसे.

"मॅडम, आमका मारतलात काय?" तिशीच्या त्या विनोदवीराने पहिल्याच दिवशी विचारलं. "छडी दिसना नाय खंय."

"गप रे," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, शक्य तितकं पुस्तकी बोलत, "बाई, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. तुम्ही सुरू करा."

बाकी सगळे मॅडम म्हणायचे. काका बाई म्हणायचे. गावच्या शाळेत मास्तरणीला जसं म्हणतात तसं. माझ्याहून तीस वर्षांनी मोठा माणूस मला बाई म्हणतो याची मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

कोर्समध्ये आम्हाला शिकवलं होतं की शिकवायच्या आधी चुका गोळा करा. पुस्तकातल्या चुका नाहीत, समोरच्या माणसांच्या. म्हणून मी ऑफिसातून त्यांच्या मागच्या दोन महिन्यांच्या जॉब कार्डांच्या गुलाबी कार्बन कॉपी मागून घेतल्या. शिवाय वर्गात एक डिक्टेशन घेतलं, कार्डांवरच येणारे शब्द. मग वहीत रकाने आखले: कोणता शब्द लिहायचा होता, काय लिहिलं, कोणी लिहिलं, आणि चूक कोणत्या जातीची.

ही जात ठरवणं हेच खरं काम असतं. चूक आहे हे कोणालाही दिसतं. ती का झाली हे पाहावं लागतं. काका 'व्हॉल्व्ह'ची सुरुवात डब्ल्यूने करायचे आणि 'वायर'ची व्हीने, कारण त्यांच्या तोंडात दोन्हींचा एकच 'व' होता. ही एक जात. केरळच्या दोघांना हा त्रास अजिबात नव्हता, त्यांचे घोटाळे वेगळे होते. 'पाइप'च्या शेवटचा ई बहुतेक सगळेच गाळायचे, कारण तो ऐकू येत नाही. 'स्विच'मधला टी त्याच कारणाने जायचा. 'फिटिंग'मध्ये दोन टी लागतात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि काही चुका अशा, की एका कार्डावर शब्द चुकलेला, दुसऱ्यावर तोच शब्द त्याच माणसाने बरोबर लिहिलेला. त्या चुका शिकवायच्या नसतात. त्या माणसाला येत असतं, तो फक्त घाईत असतो. त्याला एवढंच शिकवायचं की कार्ड देण्याआधी एकदा वाच.

चुकांच्या जाती लागल्यावर वर्ग कसा घ्यायचा ते आपोआप ठरलं. व्हीवाले तिघे मराठी एका टेबलाशी, शेवटचा ई गाळणारे दुसऱ्या. प्रत्येक टेबलाला दहा मिनिटं त्यांच्याच शब्दांची कार्डं. गट पाडा, का पाडले सांगा, मग शब्द बघा, झाका, लिहा, उघडून ताडा. दर पंधरवड्याला पुन्हा छोटं डिक्टेशन, पण त्याच जातीचे नवे शब्द घालून, म्हणजे पाठ केलंय की कळलंय ते दिसतं. व्ही आणि डब्ल्यूसाठी मी त्यांना खालचा ओठ दातांखाली धरायला लावला. आठ पुरुष, आणि मी समोर उभी राहून ओठ चावून दाखवते आहे. मी कानापर्यंत लाल झाले असणार.

"घो मेलो," तो तिशीचा म्हणाला, "ह्या वयात व्हॉल्व्ह म्हणूक शिकतंय. बायल इचारता, मस्कतात काय करतास? मी म्हटलंय, ओठ चावतंय."

सगळे हसले. काका हसले नाहीत, ते ओठ दाताखाली धरून शब्द म्हणत होते. ते म्हणाले, "सव्वीस वर्षं मी हातान व्हॉल्व्ह उघडले, बाई. तोंडान आता उघडतंय."

मला काकांची कार्डं वाचायला आवडायची. इतर बहुतेकांच्या कार्डावर तीन शब्द असत: तपासलं, ठीक, झालं. काकांची कार्डं काठापर्यंत भरलेली असत, कधी मागच्या बाजूलाही. एक मला अजून आठवतं. तिसऱ्या मजल्यावर छतातून पाणी गळतंय अशी तक्रार होती. काकांनी लिहिलं होतं की खालचा ट्रे तुंबला होता, साफ केला, पण ट्रे हे कारण नाही. वरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, पाइपवरचं आवरण फाटलंय, तिथे घाम धरतो, तोच ट्रेत पडतो. व्हॉल्व्ह बदलायला हवा, बदलेपर्यंत दर आठवड्याला ट्रे बघा, शिडी मोठी आणा, छोटी पुरत नाही. जवळजवळ प्रत्येक ओळीत चूक होती. एकच शब्द पाच वेळा आला होता आणि पाचही वेळा तसाच चुकला होता. पण ते कार्ड वाचून मला, जिला एसीतलं काही कळत नाही, छतात काय चाललंय ते समोर दिसलं.

दोन महिने झाले तेव्हा मॅनेजरांनी मला बोलावलं. ते मूळचे पुण्याचे, बाबांच्या ओळखीचे, गणपतीला आमच्याकडे येणारे. ऑफिसात मी त्यांना सर म्हणायची, घरी काका.

"छान चाललंय म्हणे तुझं," ते म्हणाले. "क्लायंटला दाखवायचंय. तुझी ती वही कोण वाचणार, बाळा? एका पानावर बसेल असं काहीतरी दे. नावं, आकडे, जरा रंग बिंग घाल."

ते काही वाईट हेतूने मागत नव्हते. आणि मला आनंद झाला होता, तो मी लपवणार नाही. मी दोन दिवस बसून शीट केली. डावीकडे आठ नावं, वर चुकांच्या जाती, प्रत्येक चौकोनात आकडा. इतकंच ठेवलं असतं तरी चाललं असतं, कारण वर्गासाठी आडव्या ओळींचा उपयोग नसतो, उभे रकाने बघायचे असतात. कोणती चूक किती जणांची, म्हणजे उद्या काय शिकवायचं. पण शीटला शेवट हवा असं मला वाटलं. म्हणून मी उजवीकडे एक रकाना वाढवला आणि प्रत्येकाच्या चुकांची बेरीज केली. त्याला एका क्लिकमध्ये रंग देता येतो. कमी चुका हिरव्या, जास्त पिवळ्या, सगळ्यात जास्त लाल. शीट देखणी दिसायला लागली.

ती बेरीज खोटी नव्हती. प्रत्येक आकडा मी मोजलेला होता. पण ती चुकीची होती, आणि का चुकीची होती हे मला कोर्सच्या दुसऱ्या आठवड्यात शिकवलं होतं. जो जास्त लिहितो त्याच्या चुका जास्त दिसतात. जो तीन शब्द लिहितो त्याच्या चुका होतच नाहीत, कारण तो अवघड शब्दाच्या वाटेलाच जात नाही. म्हणून चुका मोजायच्या त्या लिहिलेल्या शब्दांच्या मानाने. आणि एकच शब्द पाच वेळा सारखाच चुकला तर शिकवणाऱ्यासाठी ती एक चूक असते, पाच नसतात. हे मला माहीत होतं. शीट करताना ते मनात आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की हिरवं, पिवळं, लाल किती नीट दिसतंय.

काकांची ओळ लालभडक होती.

पँट्रीतून परत येऊन टेबलाशी बसल्यावर हे सगळं मला एका क्षणात समजलं. नव्या करारात त्या इमारतीवर एक माणूस कमी होणार, हे ऑफिसात आधीच कानावर आलं होतं. कोणाला काढायचं यासाठी त्यांना कागद हवा होता, आणि मी तो रंगवून दिला होता. काकांच्या वयाच्या माणसाचा व्हिसा दुसरी कंपनी काढत नाही. हे मला वर्गातल्या गप्पांतून माहीत होतं, काका स्वतःच एकदा म्हणाले होते, "ह्या वयात माका आता कोण घेतलो? हयसरच काय तां."

त्या संध्याकाळी मी घरी काही बोलले नाही. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी फोन केला असता, आणि मग ती ओळखीतली गोष्ट झाली असती, हे कारण मी स्वतःला दिलं. मी वही उघडली आणि पुन्हा मोजायला बसले. आठही जणांचे लिहिलेले शब्द मोजले. सारख्या चुका एक धरल्या. घाईच्या चुका वेगळ्या काढल्या. दोन संध्याकाळी लागल्या.

काका लालमधून निघून मधल्या ओळीत आले. शंभर शब्दांमागे त्यांच्या चुका सांगलीच्या मुलाइतक्याच होत्या, आणि मागच्या महिन्यात त्या भरभर कमी झाल्या होत्या. मला हायसं वाटलं. मग मी बाकीच्या ओळी बघितल्या. आता सगळ्यात वर, सगळ्यात लाल जागी, तो तिशीचा विनोदवीर होता. तो कमी लिहायचा, पण लिहील त्यात जवळजवळ दर तिसरा शब्द चुकवायचा.

मी लॅपटॉप बंद केला. दारातून आईने जेवायला हाक मारली, मी भूक नाही म्हटलं.

कुठल्याही पद्धतीने मोजलं तरी कोणीतरी सगळ्यात वर येणारच. आठ माणसांची यादी केली की एक पहिला असतो. ही यादी वह्यांसाठी होती, माणसांसाठी नव्हती, आणि तिच्यावरून कोणालाच काढता येत नाही. खरं म्हणजे सांगायचं होतं ते एवढंच, एक वाक्य. ते वाक्य म्हणायला मला त्या अर्ध्या उघड्या दरवाजापर्यंत सात-आठ पावलं जायचं होतं.

मी ईमेल लिहिली. विषय: तक्त्यात सुधारणा. तीन परिच्छेद, अत्यंत शुद्ध इंग्रजीत. पहिल्यात लिहिलं की एकूण बेरीज दिशाभूल करू शकते. दुसऱ्यात शंभर शब्दांमागे चुका कशा काढतात ते समजावलं. तिसऱ्यात लिहिलं की हा तक्ता सरावाच्या आखणीपुरता वापरावा. सोबत नवी शीट जोडली. तिच्यात मी नावं घातली नाहीत. फक्त अ, ब, क. त्या विनोदवीराला लाल करायचं नव्हतं म्हणून नावं काढली, आणि नावं काढल्यामुळे काकांना लालमधून बाहेर काढणारी शीट काकांबद्दल काहीच सांगत नव्हती. जे ऐकलं होतं त्याबद्दल एक शब्दही लिहिला नाही. ऐकलं हे कळलं असतं तर मी चोरून ऐकते असं झालं असतं.

उत्तर दहा मिनिटांत आलं. थँक्स, नोटेड.

दोन दिवसांनी लिफ्टमध्ये मॅनेजर भेटले. दोघंच होतो. चार मजले.

"बाळा, तुझी शीट क्लायंटला जाम आवडली," ते म्हणाले. "असं हवं. बाबांना सांगितलं मी."

तेव्हा बोलता आलं असतं. ते चांगल्या मनःस्थितीत होते, ऐकूनही घेतलं असतं. मी म्हणाले, "थँक यू, सर." लिफ्ट उघडली आणि ते पुढे गेले.

पुढच्या रविवारी वर्ग भरला तेव्हा काका आधीच येऊन बसले होते. नेहमीसारखे भांग पाडून, पुढ्यात वही. बाकीचे आले आणि वह्या उघडून बसले. त्या विनोदवीरानेही काही टोमणा मारला नाही. मी फळ्यावर तारीख लिहिली आणि वळले तर कोणी माझ्याकडे बघत नव्हतं.

"काकांका पत्र दिल्यानी," शेवटी तोच म्हणाला. "एक महिन्याची नोटीस, इंग्लिश लिवक येना नाय म्हणान. मगे व्हिसा कॅन्सल."

"तां जावंदे," काका म्हणाले. "बाई, तुम्ही सुरू करा."

मी डिक्टेशन सुरू केलं, कारण त्या दिवशी डिक्टेशन ठरलेलं होतं. नव्या शब्दांचं. दहा शब्द वाचेपर्यंत माझा आवाज नीट होता. वह्या गोळा करून मी तिथेच तपासायला बसले. सात वह्या पटकन झाल्या. काकांच्या वहीत व्ही आणि डब्ल्यूची एकही चूक नव्हती. 'व्हेंट', 'व्हॅक्यूम', 'वॉशर', सगळे बरोबर. या शब्दांचा सराव मी कधीच घेतला नव्हता. म्हणजे पाठांतर नव्हतं, त्यांना कळलं होतं. कोर्समध्ये आम्हाला सांगितलं होतं की असं झालं की समजा काम झालं. मी त्या पानावर टिक केली आणि माझं पेन कागदातून आरपार गेलं.

त्यानंतर काका महिनाभर येतच राहिले. दिवसा ते सांगलीच्या मुलाला इमारत दाखवत होते, पाइप नेणाऱ्या कुठल्या शाफ्टमध्ये कुठला व्हॉल्व्ह आहे ते. नकाशे जुने होते, त्यांच्यात निम्मे व्हॉल्व्ह नव्हतेच. ते होते काकांच्या डोक्यात आणि त्या गुलाबी कार्डांवर. संध्याकाळी वर्गात येऊन तेच त्या मुलाला लिहायला लावायचे आणि त्याची स्पेलिंगं स्वतः तपासायचे. मी ते बघत बसायची. कधीकधी ते बरोबर शब्दालाही चूक म्हणायचे, मग मी हळूच सांगायची, आणि ते कान पकडायचे.

एकदा त्यांना एकटं गाठावं म्हणून मी वर्ग संपल्यावर वह्या आवरत रेंगाळले. ते जिन्यात दार्सैतला जाणाऱ्या टॅक्सीची वाट बघत उभे होते. मी जवळ गेले आणि विचारलं, "काका, पाणी हवंय?" ते नको म्हणाले. टॅक्सी आली.

शेवटच्या मंगळवारी वर्गातल्या बाकीच्यांनी रुवीहून मिठाईचा डबा आणला होता. पंखा गरम हवा फिरवत होता, वर्कशॉपमधून ग्राइंडरचा आवाज येत होता. काकांनी आपली वही माझ्या टेबलावर ठेवली. सुरुवातीपासूनची पानं त्यांनी क्रमाने लावली होती, आतली सैल कार्डं पिनेने टाचली होती.

"ही तुमच्याकडे ठेवा, बाई. पुढच्या पोरांका दाखवक व्हयी." मग थोडं थांबून म्हणाले, "एक विचारू? खरां सांगा. ह्या सगळा मी दहा वर्षांआधी शिकलो असतंय, तर माका ठेवला असता?"

"काका, तुमका डब्ल्यूनच घालवल्यान," तो तिशीचा म्हणाला. हसायला म्हणून म्हणाला, पण त्याचं त्यालाच हसू आलं नाही. "साला, एका अक्षरापायी."

"त्या अक्षराक कित्या नावां ठेवतंस? माझाच चुकला." काका माझ्याकडे वळले आणि परत पुस्तकी मराठीत आले. "मला वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. बाईंनी एवढे कष्ट घेतले, आणि माझ्या चुकांमुळे त्यांच्या वर्गाचं नाव खराब झालं. ऑफिसात तुम्हाला बोलले असतील. माफ करा."

ते खरंच माफी मागत होते. हात जोडलेले होते. महिनाभर ते हेच घेऊन वर्गात येत होते. त्या दोन हातांकडे बघताना मला कळलं, की मी गप्प राहिले तर हा माणूस हे असंच घेऊन गावी जाईल, आणि तिथे कोणी विचारलं तर सांगेल की मला इंग्रजी लिहिता येत नव्हतं म्हणून काढलं. सातजण ऐकत होते. त्यातला एक असा होता की दुसऱ्या पद्धतीने मोजलं असतं तर आज काकांच्या जागी तो उभा असता, आणि त्याला ते माहीत नव्हतं. मी टेबलाची कड धरली. मग तोंड उघडलं, आणि शब्द मराठीतच निघाले.

"तुमच्या चुकांमुळे नाही, काका," मी म्हणाले. "ऑफिसला ती यादी मी दिली. तुम्ही सगळ्यांत जास्त लिहीत होता म्हणून तुमच्या चुका जास्त दिसल्या, आणि मी त्यांची नुसती बेरीज करून दिली. ती तशी करायची नसते हे मला माहीत होतं. तुमचं पत्र निघायच्या आधी मी त्यांना बोलताना ऐकलं होतं, आणि मी आत जाऊन काही बोलले नाही."